शाफ्टवरचा रंग

घर्र... घर्र... रविवारच्या सुस्त दुपारी लहानगी सुजाता फरशीवर जुनं बेअरिंग फिरवत होती. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात मोटारींची देखभाल पाहणाऱ्या माधवीनंच ते भंगारातून खेळायला आणलं होतं. आवाज खरखरीत वाटला म्हणून माधवीनं ते उचललं, काळपट ग्रीस पुसलं, आणि खिडकीच्या उजेडात धरलं. गोळ्या धावतात त्या वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या सारख्या अंतरावर रेघा होत्या. ग्रीस कमी पडून अशा रेघा येत नाहीत. वेग कमीजास्त करणाऱ्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटारीच्या शाफ्टात, म्हणजे फिरत्या दांड्यात, वीज साठते, आणि जमिनीत जायला वाट सापडली नाही की बेअरिंगमधून ठिणग्या टाकत उतरते.

वाट तर होती. शाफ्टला टेकणाऱ्या बारीक तंतूंची अर्थिंग रिंग तिनंच बसवून घेतली होती. पण दसऱ्याच्या पूजेसाठी मोटार रंगवायलाही तिनंच सांगितलं होतं. रंग शाफ्टवर चढला, तंतूंचा स्पर्श तुटला.

आणि हे बेअरिंग गेल्यावर तिनं अहवालात लिहिलं होतं, "ग्रीस दिलं नाही." मोटारींना ग्रीस देणाऱ्या बापूरावांना त्यावरूनच कामावरून काढलं.

तिनं सुपरवायझरला फोन लावला आणि चूक बापूरावांची नव्हती, आपली होती, असं सांगितलं.

"मॅडम, त्याच्या जागी दुसरा माणूस आला," तो म्हणाला. "आता काऊन उकरून राह्यल्या? वरचे आयकनार नाई. तुमचीबी नोकरी जाईन."

तिनं फोन ठेवला.

"आई," सुजाता म्हणाली, "बापूराव आबानं काय चूक केली होती वं?"