पुन्हा आलेली ओळ

अनिरुद्धला या कामात मिळायचं ते एवढंच: पेपरात फोटो, खाली ‘हिंगोलीच्या सायबर कॅफेवाल्याने आखातातला मजूर सोडवला’, आणि ती बातमी वाचून ‘कॉम्प्युटरनं पोट भरतं का’ विचारणाऱ्या बंडोपंतांचं, म्हणजे वडिलांचं, तोंड बंद. मिनाला परत मिळायचा होता नवरा.

हिंगोलीकडच्याच गोरेगावजवळच्या तांड्यावरचा तिचा जगन दुबईकडे बांधकामावर गेलेला. सेठनं पासपोर्ट ठेवून घेतला, मग फोनही लागेना. तो मजुरांच्या कुठल्या कॅम्पात आहे हे फक्त मिनाशी कॅफेतून झालेल्या चॅटमध्ये होतं, आणि व्हायरस लागल्यावर कॅफेचं मशीन फॉरमॅट करताना ते चॅट पुसलं गेलं. उरली ती चित्रं. सासूला, भिकाबाईला, दाखवायला मिनाने पडद्याचे फोटो काढून सीडीवर ठेवले होते.

तिकडच्या मराठी मंडळाचा एक माणूस शोधायला तयार झाला. ‘चित्रं उघडत नाहीत, मजकूर पाठवा. मला शुक्रवारचीच सुट्टी.’

अनिरुद्धने चित्रं तिप्पट मोठी करून स्कॅनरसोबत आलेल्या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दिली. त्याला फक्त इंग्रजी ठाऊक. जगनच्या रोमन अक्षरांतल्या मराठीत त्याने प्रत्येक ‘ahe’चं ‘ache’, म्हणजे इंग्रजी दुखणं करून टाकलं. ते सगळं अनिरुद्धने हाताने निस्तरलं. राहिला एक प्रश्न: प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला आधीच्या चित्रातल्या शेवटच्या ओळी पुन्हा आल्या होत्या. त्याने मजकूर एक्सेलमध्ये ओतला आणि पुन्हा आलेल्या ओळी एका फटक्यात गाळल्या.

“दादा, एकेक चित्र शेजारी ठेवून ताडून पाहू ना,” मिना म्हणाली.

“मिनाताई, एक शब्द चुकीचा दाखवा, कॅफे तुमच्या नावावर.”

तिला दाखवता आला नाही. चुकीचा शब्द नव्हताच. मजकूर मंडळवाल्याला गेला: कॅम्प धोबी गल्लीत, लाल टाकीच्या मागे.

शुक्रवारी रात्री उत्तर आलं: ‘धोबी गल्लीचा कॅम्प रिकामा. तिथे लाल टाकीच नाही.’

मिनाने चित्रं उघडली, बोट पडद्याला लावून एकेक ओळ वाचत गेली आणि थांबली.

“दादा, ‘आज कॅम्प बदलला’ तुमच्या कागदावर एकदाच काहून?”

“एकदाच लिहिलं असेल.”

“न्हाई हो! त्यायला टाइप करायची तकलीफ. जुनीच ओळ उचलून चिकटवतेत. हे बघा, दोनदा. इथं खाली धोबी गल्ली. अन् इथं, चार चित्रं सोडून, लाल टाकीच्या मागं.”

अनिरुद्धने पाहिलं. दोन्ही ठिकाणी मागच्यापुढच्या ओळी निराळ्या होत्या. म्हणजे ती चित्राची पुनरुक्ती नव्हती, जगन खरंच दुसऱ्यांदा हलला होता. एक्सेलने दुसरी ओळ गाळली, अन् दोन कॅम्पांचा मिळून पृथ्वीवर नसलेला एक कॅम्प झाला.

“पाठवा ना आता! बसलात काहून?”

मेल तेव्हाच गेला. माणूस पुढच्या शुक्रवारी लाल टाकीमागे पोचला. वॉचमन म्हणाला, मागच्या शुक्रवारी होते सगळे. मंगळवारी ट्रकमध्ये घालून नेले. कुठे, ते त्यालाही सांगितलं नव्हतं.

अनिरुद्धचा फोटो गेला, मंडळवाल्याच्या दोन सुट्ट्या गेल्या. मिना अजून सीडी घेऊन येते, चित्रं पहिल्यापासून ताडून पाहते. त्या गाळलेल्या ओळीची बाकीची किंमत जगन मोजतोय. कुठं, ते कोणत्याच चित्रात नाही.