धामणीचा मोतीबिंदू

दोन हजार बावीस साल. गौरी-गणपती नुकते झाले होते, पितृपंधरवडा लागला होता, आणि वाळवा तालुक्यातल्या पाटलांच्या मळ्यावर शालूबाईंच्या डोळ्यांवरून घरात रोज एक लढाई होत होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. वर्षभरात शालूबाईंचं गोठ्याच्या खांबाला शेजारचा गडी समजून "केरबा, कवा आलास रं?" असं विचारून झालं होतं. एका लग्नात नवरी समजून करवलीच्या ओटीत नारळ घातला होता, आणि ती करवली अजून लाजून त्यांच्यासमोर येत नव्हती. पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी पदर खोचून उभी.

"सुई घालणार, सुई! डोळ्यात! तुमच्या डोळ्यात घालून घ्या आधी."

मुलगा जयराज फौजेत हवालदार. तो गणपतीला रजेवर आला तो मिरजेच्या दवाखान्यातली तारीख घेऊनच. गुरुवारी सकाळी पोचायचं होतं.

"पितृपंधरवड्यात कुनी अंगाला हत्यार लावतं व्हय?" शालूबाई म्हणाल्या.

"आई, माझी रजा पितरांना विचारून मिळत न्हाई," जयराज म्हणाला. "गुरुवारी आठला गाडी. ऑर्डर हाय."

"तुझ्या ऑर्डरी तिकडं जम्मूला सोड."

अशात शनिवारी गोठ्यात धामण निघाली.

सून संयोगिता म्हशीला पेंड घालायला गेली होती. रांजणामागच्या दगडी भिंतीत मोठी फट होती. पाणी झिरपून ती जागा बारा महिने ओलसर. तिथून मनगटाएवढं जाड काहीतरी अर्धं बाहेर आलेलं. संयोगितानं पेंडीची पाटी तिथंच टाकली.

"धामण हाय! म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिती म्हनं. तरीच दूध कमी झालंय!"

जयराजनं काठी घेतली. शालूबाईंनी ती हातातून काढून घेतली. "गोठ्यातला उंदीर कोन खातंय मग, तुझी पलटन? अतिशयला फोन लाव."

अतिशय चौगुले हा गावातला खताच्या दुकानाचा मालक. जैनाघरचा पोरगा, मुंगीसुद्धा चुकवून चालणारा, आणि पंचक्रोशीत साप निघाला की सगळ्यांत आधी त्यालाच बोलावणं. मोटारसायकलवरून आला, टॉर्च मारून लांबूनच बघितलं, मोबाइलवर फोटो काढला आणि उकिडवा बसला.

"वहिनी, हिला दूध पचतबी न्हाई आणि म्हैस पायाला विळखा घालू देतबी न्हाई. तुमचं दूध कमी झालंय ते म्हैस आटायला आलीय म्हनून. बिनविषारी हाय. पन आत्ता हिला हात लावायचा न्हाई."

"का?"

"कात टाकायला आलीय. बघा रंग कसा मातकट झालाय. आत्ता हिला धड दिसत न्हाई, म्हनून बिचकल्याली असती. जवळ गेलं की सावलीवरबी तोंड टाकंल. आनि पोत्यात भरून रानात सोडली तर अर्धीमुर्धी कात अंगाला चिकटून बसंल. ही ओलाव्याची जागा तिनंच शोधलीय. आठवडाभर तिकडं कुनी जाऊ नका, म्हैस या बाजूला बांधा."

"दिसत का न्हाई तिला?" शालूबाईंनी मागून विचारलं.

अतिशयनं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि मोबाइल म्हातारीच्या डाव्या डोळ्याजवळ नेला. तो डोळा जरा बरा होता. शालूबाईंनी मान इकडंतिकडं करून बघितलं. धामणीचा एरवीचा काळाभोर, टपोरा डोळा निळसर पांढरा झाला होता. दुधाचा थेंब पडावा तसा.

"आगं बाई," शालूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हिला माझ्यागत मोतीबिंदू झालाय."

"तसं दिसतंय खरं," अतिशय हसला. "पन काळजी करू नका आजी. चार-पाच दिवसांत आपोआप साफ हुतंय."

बस्स. एवढंच बोलायचं राहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना शालूबाईंनी जाहीर केलं. "धामणीचा डोळा आपोआप साफ झाला, तर माझाबी हुईल. तिला कुठं मिरजेला न्हेनार हाय कोन? मी गुरुवारी जानार न्हाई."

"आवं आत्या, तो साप हाय!" संयोगिता म्हणाली.

"मग? डोळं त्यालाबी दोनच दिल्यात."

जयराजनं ताटावरूनच अतिशयला फोन लावला. "गड्या, वर्षभर मनवून आईला तयार करत आणली हुती. तू पाच मिनिटांत सगळं मोडलंस. आता तूच ये आणि निस्तर."

रविवारी अतिशय आला. ओसरीवर बसून त्यानं नीट सांगितलं. सापाला पापणी नसते. पापणीच्या जागी डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक खवलं असतं, अंगाच्या बाकीच्या खवल्यांसारखंच, कातडीचाच भाग. कात टाकताना तेही बदलतं. जुन्याच्या खाली नवं तयार होतं आणि दोन्ही सुटी व्हावीत म्हणून मधे पातळ पाणी साठतं. म्हणून डोळा पांढरा दिसतो. आतला डोळा ठणठणीत असतो.

शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तो पांढरेपना कातीबरोबर निघून जानार?"

"व्हय... तसंच," अतिशय घाईत म्हणाला.

"बघू."

बुधवारी सकाळी शालूबाईंनीच त्याला हाक मारायला लावली. आल्यावर त्याला गोठ्याच्या दारातून फोटो काढायला सांगितला. फोटोत धामणीचे डोळे स्वच्छ होते. काळे, गोल, चकचकीत. आणि अंगावरची कात जिथल्या तिथं.

"कात कुठंय?" शालूबाईंचा आवाज चढला. "पांढरेपना गेला, कात अंगावरच हाय. तू तर म्हनत हुतास कातीबरोबर जातोय! आपोआप गेला का न्हाई?"

अतिशयला तिथंच कळलं, रविवारी आपण घाईत काय बोलून गेलो ते. "चुकलो आजी. मधलं पाणी आधी जिरतं, मग डोळा निवळतो. त्यानंतर दोन-चार दिसांनी कात पडती. ती अजून पडायची हाय."

"आता काय सांगशील ते सांगशील," शालूबाई म्हणाल्या आणि डाव्या हातानं उजवा डोळा चोळत आत गेल्या. "मी पन दोन-चार दीस थांबते."

 दुपारी जयराजनं दवाखान्यात फोन करून विचारलं, गुरुवारऐवजी पुढं कधी? तिथली बाई म्हणाली, शनिवारचा एक नंबर रिकामा होतोय, नाहीतर मग दिवाळीनंतर. सोमवारी जयराजला रेल्वेत बसायचं होतं. त्यानं शनिवार धरला आणि आईला सांगितलंच नाही. संयोगितालाच सांगितलं, "तोवर तुझ्या त्या धामणीला म्हनावं लवकर काढ कात, देवाचं नाव घेऊन."

"माझी धामण कवा झाली ती?" संयोगिता म्हणाली. पण रात्री तिनं रांजणाच्या कडेला पाण्याचा एक तांब्या जास्त ओतला, हे खरं.

शुक्रवारी सकाळी शेण काढायला गेलेल्या संयोगितानं आरोळी ठोकली, या वेळी भीतीची नव्हती. भिंतीच्या खरबरीत दगडापासून उसाच्या पाचटाच्या ढिगापर्यंत कात पसरली होती. अखंड, माणसापेक्षा लांब. धामण कुठंच नव्हती.

अतिशय धावत आला. कात हलक्या हातानं उचलून त्यानं ओसरीवर आणली आणि सुपात ठेवली. अजून थोडी ओली, मऊ होती.

"दगडाला तोंड घासून घासून ती आधी ओठाजवळची कात सोडवती," तो म्हणाला. "मग ती कशाला तरी अडकवून पुढं सरकत जाती. पायातला मोजा उलटा काढावा तशी निघती. म्हनून ही आता आतली बाजू भाईर हाय. डोक्याकडं हात लावा आजी."

शालूबाईंनी चाचपून बघितलं. तोंडाचा आकार बोटांना लागला. मग दोन्ही बाजूंना दोन गोल, टणक, नखाएवढ्या चकत्या.

"हे काय?"

"डोळ्यांवरची खवलं. कातीबरोबर आली."

शालूबाई उठल्या. कात सुपासकट अंगणात उन्हात नेली आणि डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरली.  जयराज दाराशी उभा राहून दाढी करायची विसरला, एका गालाला साबण तसाच.

"ही तर काच हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "पांढरी न्हाई. हिच्यातून माझं बोट दिसतंय."

"व्हय. पांढरं हिच्यात नव्हतंच. हिच्या आनि खालच्या नव्या काचेच्या मधे हुतं."

"आनि ही तिच्या डोळ्यावर भाईरनं हुती."

"भाईरनं."

शालूबाईंनी सूप खाली ठेवलं. उजवा डोळा मिटला, उघडला. पुन्हा मिटला. पापणीवर बोट ठेवलं, बाजूला ओढून बघितलं, जशी जुन्या पातेल्याची कड तपासावी.

"मला पापनी हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तिला न्हाई. म्हंजे असली काच मला न्हाईच."

 अतिशयनं तोंड उघडलं होतं, संयोगितानं त्याचा शर्ट मागून ओढला.

"मग माझं पांढरं कुठं हाय रं?"

"आत आजी. बुबुळाच्या मागं. डोळ्यातलं भिंगच गढूळ झालंय."

"ते आपोआप पडनार न्हाई."

"न्हाई."

"चोळून?"

"न्हाई आजी. आनि चोळू नका."

शालूबाई पायरीवर बसल्या. एक लांब श्वास सोडला. मग एकदम जयराजकडं वळून म्हणाल्या, "तोंडाला साबन लावून काय उभा राहिलास? गुरुवार तर गेला. आता कवाची तारीख देत्यात ते इचार."

"उद्याची," जयराज म्हणाला. "आठला गाडी."

शालूबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं, जेवढं बघता येत होतं तेवढं. "मला न विचारता घेतलीस व्हय? मग सात वाजता काढ गाडी. मला वाटेत सुनंच्या हातचा चहा प्यायचाय थर्मासमधनं. आनि सुई घालताना तू भाईर थांबायचं. तू घाबरट हायस."

उजवा डोळा त्या शनिवारी झाला. पट्टी निघाली तेव्हा जयराज रेल्वेत होता. शालूबाईंनी त्याला फोन करून आधी त्याची पंधरा मिनिटं हजेरी घेतली आणि मग सांगितलं, की गोठ्याचा खांब केरबापेक्षा देखणा आहे. पुढच्या वर्षी जयराज पेन्शनीवर घरी आला, तेव्हा डावा डोळा करायला त्या स्वतःच तारीख घेऊन बसल्या होत्या. संयोगिताला मात्र ते वर्ष जड गेलं. सासूला आढ्यातली जळमटं, डब्याच्या तळाचा चिकटपणा आणि सुनेचा पहिला पांढरा केस, सगळंच दिसायला लागलं होतं. अतिशयचं लग्न इचलकरंजीच्या प्राचीशी झालं. तिनं एकच अट घातली, सापाचं पोतं घरात आणायचं नाही. ती अट तो बहुतेक वेळा पाळतो. धामण नंतर दोनदा उसाच्या बांधावर दिसली, निदान शालूबाई तरी तीच होती म्हणतात. आणि त्या करवलीचं पुढच्याच मे महिन्यात लग्न झालं. शालूबाईंनी तिच्या ओटीत पुन्हा नारळ घातला, या वेळी तोंड नीट बघून.