चुन्याचं नाव

आमच्या सासूबाईंचं, झुंबरबाईंचं तोंड आलं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं. कारण सरळ होतं. घरात विडा लावायचं काम माझं. पान पुसायचं, देठ खुडायचा, बोटानं चुना फिरवायचा, त्यावर कात, कातरलेली सुपारी, काळ्या तंबाखूची चिमूट, आणि घडी घालून त्यांच्या हातात द्यायचा. भाजी खारट झाली की सगळे स्वयंपाक करणारीकडे बघतात. तोंड भाजलं की चुना लावणारीकडे बघतात.

सासूबाई विडा हौसेनं खात नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं. कधीकाळी त्यांचं पोट धरलं होतं, तेव्हा वैद्यबुवांनी सांगितलं की जेवणावर विडा खा, अन्न जिरेल. जिरलंही असेल. मग न्याहारीवर एक, दुपारी दोन, शेतातून आल्यावर एक असं वाढत गेलं. शेवटचा विडा तर त्या डाव्या गालात धरून झोपायच्या आणि सकाळी त्याचा चोथा थुंकायच्या. कोणी काही म्हटलं की एक मोठा ढेकर द्यायच्या. हा त्यांचा पुरावा.

लढाईची वर्षं होती. भोकरदनला रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, पण सुपारी कुठून तरी मिळायचीच. त्या दसऱ्याच्या सुमाराला सासूबाईंना तिखट लागेनासं झालं. ठेचा बघूनच डोळ्यांत पाणी यायचं. डाव्या गालात आतून पांढरा डाग पडला होता, साय धरल्यासारखा. वैद्यबुवांनी उजेडात तोंड बघितलं आणि निकाल दिला.

"चुना लागलाय. विडा चालू ठेवा, त्याच्याबिगर तुमचं अन्न जिरायचं न्हाई. पण चुना बिलकुल बंद. कात वाढवा, अन् तोंडात तूप धरत चला."

सासूबाईंनी तिथल्या तिथं माझ्याकडे बघितलं. "म्या म्हणतच हुते. द्वारकीचा हात लई जड. चुना लावती का भिताड सारवती!"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तांदळाच्या दाण्याएवढा चुना मी लावत असे, तोही निरखून. पण सुनेनं किती निरखलं हे कोण मोजतं? मी चुन्याची डबी कोनाड्यात फेकून दिली आणि त्या दिवसापासून बिनचुन्याचा विडा लावू लागले. मनात म्हटलं, आता बघू कोणाच्या नावानं ओरडता ते.

बिनचुन्याच्या विड्यानं आग जरा कमी झाली. सगळ्यांना वाटलं, गुण आला. संक्रांत आली तेव्हा तिळाचा लाडू सासूबाईंच्या तोंडात जाईना. लाडू मोठा नव्हता, तोंडच उघडत नव्हतं. भाकरीचा तुकडा त्या नखाएवढा करून, वरणात भिजवून सरकवायच्या. डागाच्या जागी फोड झाला होता, त्याच्या कडा वर आल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला होता. घरात कोणी तसं बोलत नसे. नातवंडं मात्र त्यांच्या मांडीवर बसेनाशी झाली.

आमच्या ह्यांचं नाव धर्मराज. आईवर जीव, पण निर्णय घ्यायचा म्हटला की बैलाचं दावं सोडायला निघून जायचे. मीच मागे लागून सासूबाईंना सर्व्हिस मोटारीत बसवलं आणि जालन्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्याच मुलखातल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सासूबाईंच्या दातांमध्ये आपली बोटं उभी धरून बघितली. तीन जायला हवीत, म्हणाल्या, एक कसंबसं जात होतं. मग फोडाच्या कडा चाचपल्या, जबड्याखाली बोटं दाबली आणि मला बाहेर बोलावलं.

"विडा कोणत्या गालात धरतात?"

"डाव्या. झोपतानाही."

"तिथंच कर्करोग झालाय."

मी एकदम म्हणाले, "चुना जास्त झालता म्हणून का हो?"

"चुना आग करतो, तोही काही औषध नाही. पण चुन्यानं नुसतं भाजलं असतं तर पंधरवड्यात भरून आलं असतं. कडा अशा टणक झाल्या नसत्या. हा तंबाखूचा आणि सुपारीचा प्रताप आहे. बिनतंबाखूची सुपारी खाणाऱ्या बायकांचीही तोंडं अशी आखडलेली मी बघते. पानाशी माझं भांडण नाही. पण वर्षानुवर्षं तो गोळा एका जागी धरून ठेवला की ती जागा बिघडते."

"पण त्यांचं अन्न जिरतं त्यानं."

"तोंडाला पाणी सुटतं, बरं वाटतं. एवढ्यासाठी बडीशेप पुरे होती." त्यांनी स्वतःच्या जबड्याखाली बोट ठेवलं. "इथली गाठ अजून हलतेय, आत चिकटलेली नाही. आत्ता मुंबईला नेलंत तर कापून काढतील. जगतील असं वचन नाही देत. पण दिवाळीपर्यंत थांबलात तर नेऊन उपयोग नाही."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. माझा हात निर्दोष होता! मोटारीत बसेपर्यंत मी त्याच आनंदात होते. मग शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर तोंडाशी धरून डोळे मिटले आणि मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. धाकटी जाऊ उषा, तिला दिवस गेलेले, दाराशी टेकून ऐकत होती. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांचे शब्द दातांतून गळून येत.

"चुन्याच्या फोडाला कुणी गाल कापतं का गं?"

"चुन्याचा न्हाई तो, आत्याबाई. सुपारी-तंबाखूचा हाये. डॉक्टरीणबाई बोलल्या."

"व्हय. तुझ्यासंगट बाहीर जाऊन बोलल्या. म्या कुठं ऐकलं?"

आणि हे, माझे यजमान, मान खाली घालून म्हणाले, "द्वारका, तू आपलं आंग काढून राह्यली. चूक झाली तर झाली म्हणावं. आईला मुंबईची भीती कशाला घालती?"

मी कपाळाला हात लावला. खरं बोलावं तर ते मला सोयीचं होतं, म्हणून कोणाला पटत नव्हतं. त्यांच्या लेखी मी चोरीचा आळ झटकणारी बाई. पुढे मी किती वेळा सांगितलं! जेवढं सांगे, तेवढा त्यांचा चुन्यावरचा विश्वास घट्ट होई. सासूबाई तूप धरत होत्या, कात चघळत होत्या, आणि सुपारी मऊ पडावी म्हणून आता खलबत्त्यात कुटून घेत होत्या. कुटत मीच होते. नाही म्हटलं की त्या रडायच्या, जेवण जिरत नाही म्हणायच्या. जेवण होतं कुठं जिरायला? वाटीभर पेज.

होळीच्या आधी एक दिवस मी त्यांचं तोंड धुवायला गेले तर पाण्यात रक्त आलं. जबड्याखालची गाठ हाताला मोठी लागली. ती अजून हलत होती. किती दिवस हलेल हे मला कोण सांगणार होतं?

त्या संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या साळूबाई, चतुराबाई बसल्या होत्या, हे होते, उषा होती. मी मध्ये जाऊन सासूबाईंचे पाय धरले.

"आत्याबाई, चुना माझ्याच हातनं जास्त पडला. जाणूनबुजून पडला. तुमी मला बोलायच्या, त्याचा राग म्या चुन्यात काढला."

ह्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"त्या चुन्यानं गाल आतून सडलाय. सडलेलं भरून येत न्हाई, ते काढावंच लागतं. काट्यानं बोट सडलं तर कापत न्हाईत का? मला शिव्या द्या, माहेरी हाकला, पण मुंबईला चला. न्हाई तर हे पाप मला जल्मभर पुरंल."

सासूबाईंच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी तेज आलं. त्या चतुराबाईकडे वळल्या. "ऐकलं? म्या पयल्या दिसापासून म्हणत हुते." मग माझ्याकडे बघून, "उठ. कधी निघायचं?"

अशी मी ती लढाई जिंकले.

जालन्याहून मनमाड, मनमाडहून मुंबई. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या गालाचा तुकडा, जबड्याचं थोडं हाड आणि मानेतल्या गाठी काढल्या. आम्ही परत आलो तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. सासूबाईंचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, पातळ पेज त्या अंगाने गळायची, पण त्या स्वतःच्या पायांनी मोटारीतून उतरल्या. रोग परत येऊ शकतो हे मला सांगितलं होतं, विडा पुन्हा नको हे त्यांना सांगितलं होतं. विडा त्यांनी सोडला. त्यांच्याकडून चावलंच जात नव्हतं.

गावानं मला जे म्हणायचं ते म्हटलं. हे माझ्या हातचं जेवत, पण माझ्याकडे बघत नसत. माहेरी भावानं ऐकलं, तो आला नाही. हे मी सगळं धरून चालले होते. बाई जगली, मी बोलणी खाल्ली, हिशोब जमला, असं मी स्वतःला सांगत होते. एक गोष्ट मात्र मी धरलीच नव्हती. विहिरीवर, ओट्यावर, जिथं बायका पान लावायला बसत तिथं आता एकच बोलणं होई: "चुना बेतानं गं, झुंबरबाईचं बघितलं ना?" आणि सुपारीचं खांड मात्र मोठं होत चाललं होतं.

श्रावणात उषा बाळंत झाली. मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी मी तिच्यासाठी खीर घेऊन आत गेले, तर सासूबाई बाजेशी बसून विडा लावत होत्या. पान, ओवा, बडीशेप, कात, भरपूर सुपारी, वर तंबाखूची चिमूट.

"बाळंतिणीचं पोट जड पडतं," त्या म्हणाल्या. आता त्यांचं बोलणं फक्त आम्हा घरच्यांनाच कळे. "ह्यानं जिरंल. चुना म्या टाकलाच न्हाई."

मी वाटी खाली ठेवली आणि विडा घेतलेला उषाचा हात धरला. "उषा, खाऊ नको. चुन्यानं न्हाई झालं ते. कधीच न्हाई झालं. सुपारीनं अन् तंबाखूनं झालं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं खरं होतं. म्या तवा खोटं बोलले, त्यांनी मुंबईला जावं म्हणून!"

उषा माझ्याकडे बघत राहिली. मग सासूबाईंच्या ओढलेल्या गालाकडे. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात हळूच तिच्या मनगटावरून काढला, जसा आपण लहान लेकराचा हात चुलीपासून काढतो.

"द्वारके," त्या म्हणाल्या, "म्या तुला कवाच माफ केलं. आता पुन्यांदा कशाला झाकती? समद्या ओसरीसमोर तूच कबूल झालती."

उषानं खाली बघितलं, विडा तोंडात घातला आणि चावू लागली.