चौथा बाण

अहवाल बत्तीस पानी होता आणि त्यात एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, ‘उताराचा कोन व वस्तुमाने यांसाठी आकृती तीन पाहा.’ मी पान उलटलं, पुन्हा उलटलं. आकृती एक होती, दोन होती, तीन नव्हती, आणि चार मात्र जागच्या जागी होती.

चौकशी समितीने मला बोलावलं होतं ते तज्ज्ञ म्हणून. तज्ज्ञ कसला, पस्तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेला खडूस मास्तर. कारखान्यात मालाची पेटी उंच फलाटावरून तिरप्या फळीने खाली उतरवताना घसरली, आणि खाली पेटीला खांदा लावून उभा असलेला हमाल तिच्याखाली सापडून गेला. अहवालाचा निष्कर्ष असा की शंभर किलोची मर्यादा असताना त्याने पेटीत एकशेचाळीस किलो भरले, म्हणून ती घसरली. म्हणजेच मृत्यू निष्काळजीपणामुळे. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, त्यामुळे खापर फोडायला त्याच्याइतकं सोयीचं डोकं दुसरं नाही.

त्याची बायको पहिल्याच दिवशी बाहेरच्या बाकावर भेटली. हातात अहवालाची झेरॉक्स होती आणि एका शब्दाखाली पेनाने इतकी घट्ट रेघ ओढली होती की कागद फाटला होता. नुकसानभरपाईचं मी विचारलं तर म्हणाली, ते नंतर बघू. मुलगी शाळेत आहे, उद्या हे कागद वाचेल. “एवढा एक शब्द काढता आला तर बघा, सर. चौदा वर्षांत त्यांनी साधी काचेची बरणी फोडली नव्हती.”

मी तिला वचन दिलं नाही. गणित काय म्हणतं ते आधी बघावं लागतं, हे मी तिला सांगितलं, आणि तिने मान हलवली. मला माझाच राग आला.

आकृती कुठे गेली, हे मी कारखान्याच्या अभियंत्याला विचारलं. तो माझाच जुना विद्यार्थी, हुशार, अक्षर मोत्यासारखं. आकृती त्यानेच काढली होती. खाली बघत म्हणाला, अंतिम प्रतीत ते पान आलं नाही, सर. कोणी काढलं, या प्रश्नावर त्याने मूग गिळले. ज्याला आकृती मिळत नाही त्याने जागेवर जावं, हे मीच शिकवत होतो.

फळी हलवलेली होती, पण फरशी थोडीच हलवता येते. फलाटाची उंची टेपने एकशेवीस सेंटिमीटर भरली. फळीचं खालचं टोक जिथे टेकायचं तिथे फरशीवर दोन चरे होते. एक जुना, बुजत आलेला, फलाटापासून पावणेतीन मीटरवर. दुसरा ताजा, एक मीटर साठवर. म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने पूर्वी तीन मीटरची फळी होती आणि आता दोन मीटरची. लांब फळी दुसऱ्या दारावर नेली, असं तिथल्या पहारेकऱ्याने सहज सांगितलं. एकशेवीस भागिले एकशेसाठ, पाऊण. कोन जवळपास सदतीस अंश. हरवलेला कोन फरशीवर लिहिलेला होता.

वस्तुमान राहिलं. त्यासाठी मी समितीलाच भंगाराच्या शेडमध्ये नेलं. तीच दोन मीटरची फळी, तशीच लाकडी पेटी. आधी रिकामी ठेवली आणि फळीचं एक टोक जॅकने हळूहळू उचललं. नव्वद सेंटिमीटरच्या आसपास पेटी सरकली. मग पेटीत एकशेचाळीस किलो भरले. पुन्हा उचललं. अध्यक्षांनी स्वतः टेप धरला होता, पुन्हा नव्वदच. वजन वाढलं की खाली ओढणारा जोर वाढतो, पण फळीवर दाब वाढून घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. कोणत्या उताराला पेटी घसरू लागेल हे वजन ठरवत नाही. उंची भागिले पाया अर्ध्याच्या वर गेला की रिकामी असो वा भरलेली, घसरणारच. जुन्या लांब फळीवर तो भागाकार अर्ध्याच्या खाली होता आणि पेटी आपली आपण थांबायची. नव्या फळीवर पाऊण.

अध्यक्ष खूश झाले, पण सुनावणीच्या खोलीत परतल्यावर मला गप्प बसवेना. खोटं नको, म्हणून मीच सांगितलं, की घसरायला लागल्यावर तिला धरून ठेवायला किती जोर लागेल हे मात्र वजनावर ठरतं. कंपनीचे वकील लगेच उठले. म्हणजे जादा वजनामुळेच तो दबला, असं म्हणायचं का? मागे बसलेल्या त्या बाईने माझ्याकडे पाहिलं.

मी अभियंत्याला भिंतीवरच्या फळ्यापाशी बोलावलं. वर्गात बोलवायचो तसंच. “आकृती तीन काढ.”

तो उठला. खडू हातात घेतला आणि विचारलं, “पूर्ण, सर?”

“फ्री बॉडी डायग्राम अर्धा कधी शिकवला मी तुला?”

त्याने उतार काढला, त्यावर चौकोन. फळी आणि माणसं बाजूला काढून एकटी पेटी, आणि तिच्यावर लागणारे सगळे जोर. त्या आकृतीचा नियमच तो, की काहीही सोडायचं नाही. वजनाचा बाण सरळ खाली. फळीचा रेटा उताराला काटकोनात. घर्षण उताराच्या वरच्या दिशेने. तीन बाण झाले. कोन लिहिला, सदतीस. वस्तुमान लिहिलं, शंभर. एकशेचाळीस नव्हे, शंभर. अपघाताच्या दोन महिने आधी, फळी बदलली तेव्हा हे गणित केलं होतं, असं त्याने लिहिता लिहिता सांगितलं. मग तो थांबला. त्याने चौथा बाण काढला, पेटीच्या खालच्या बाजूने, उतारावर वर रेटणारा. शेजारी P लिहिलं, आणि उत्तर: सुमारे वीस किलोच्या वजनाइतका जोर.

म्हणजे मर्यादेतली पेटीसुद्धा घसरणारच होती. हे माहीत होतं. घर्षण जे करणार नव्हतं ते कोणीतरी करायचं होतं, आणि ते कागदावर मंजूर झालं होतं. एकशेचाळीस किलोने विसाचे अठ्ठावीस झाले, इतकंच.

“P कोण?” मी विचारलं.

“माणूस, सर,” तो म्हणाला. “एक माणूस धरू शकेल, असं वाटलं होतं.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि जमलं नाही. ‘पेटीवर P एवढे बल लावले आहे’, असं पस्तीस वर्षं मीच फळ्यावर लिहीत आलो. कोणाचं बल, हे एकाही वर्गाला विचारलं नाही. पोरांनी तरी का विचारावं? मी त्या खुर्चीत बसून शरमलो.

वकील खाली बसले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि लेखनिकाला सांगितलं, ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मृताच्या नावापुढून वगळावा, आणि ही आकृती अहवालाला जोडावी.

लेखनिक फळ्यावरून आकृती उतरवून घेऊ लागला. तेव्हा ती बाई उठली आणि फळ्याजवळ आली. ती अभियंत्यावर चिडलेली दिसत नव्हती. चौथ्या बाणाकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग त्या P वर बोट ठेवलं.

“इथं त्यांचं नाव लिहा.”

अभियंत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने P पुसला आणि त्या सुंदर अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. नाव बाणापेक्षा लांब होतं, म्हणून त्याला बाण वाढवावा लागला.