"ठरवण्यात आले" म्हणजे कोण?

आमच्या सान इसिद्रोत सामाईक जंगलाची सभा रविवारी भरते. बोलणं सगळं आमच्या पुरेपेचा भाषेत, इतिवृत्त मात्र स्पॅनिशमध्ये, कारण ते शहरातल्या जमीन कचेरीत जातं. लिहायचं काम ओतिलियाचं. ती सभेची चिटणीस.

त्या रविवारी निकानोरा बाकावर चढून ओरडली, "रोज आपली पाइनची झाडं चोरून नेतायत, आणि आपण मोजत बसायचं? रस्त्यावर आडवा चर खणा! बघू ट्रक कसे येतात!"

सगळे हात वर गेले. ओतिलियानं लिहिलं, 'जंगलाच्या रस्त्यावर चर खणण्याचे ठरवण्यात आले. मुदत: शुक्रवार.' कोण ओरडलं, कोण रडलं, काही नाही. पद्धतच तशी.

"जबाबदार कोण?" तिनं विचारलं. "की 'सभा' लिहू?"

"सभा कधी कुदळ उचलते काय गं?" देखरेख समितीचा फर्मीन हसला. "माझं नाव लिही. नाहीतर शुक्रवारी सगळ्यांची कंबर दुखायला लागेल."

तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभागृहात पक्की प्रत काढत होती, तेव्हा चौघं बंदूकवाले आत शिरले. हिरव्या टोपीवाल्याला आम्ही सगळे ओळखत होतो. खालच्या गावचा एलेउतेरिओ, लाकडाच्या टोळीचा म्होरक्या. त्यानं कागद ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"ठरवण्यात आले! हा कोण गं मावशे, 'ठरवण्यात आले'? कुठं राहतो? बोलाव त्याला."

"सभेनं ठरवलं."

"सभेला तोंड नसतं. पहिलं कोण बोललं?"

"तसं लिहायची रीत नाही."

"लिहू नको. सांग."

तिनं मान हलवली. त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि बंदुकीचा दस्ता हाणला. बोटं मोडल्याचा आवाज बाहेर नळावरच्या बायकांनी ऐकला. दुसऱ्यांदा हाणला. ओतिलिया किंचाळली, पण निकानोराचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

मग त्याची नजर खाली गेली. "अरे, हा आहे की! जबाबदार, फर्मीन."

ओतिलिया त्याच्या पायाला लोंबकळली. त्यानं तोंडावर लाथ घातली. चौघांनी फर्मीनला मक्याच्या शेतातून केस धरून ओढत आणलं आणि चर्चच्या पायऱ्यांवर, ब्रिहिदाच्या डोळ्यांदेखत, त्याच्या डोक्यात दोन गोळ्या घातल्या. फर्मीनची लग्नाची बायको ती. तिच्या ओच्यातलं पीठ रक्तानं लाल झालं.

दफन झालं आणि लगेच सभा भरली. हाताला फडकं बांधून ओतिलिया डाव्या हातानं लिहायला बसली. अक्षरं वेडीवाकडी पडत होती.

"माझ्यामुळे फर्मीनकाका गेला," निकानोरा म्हणाली. "माझं नाव घाल."

"तुझं घातलं असतं तर दोन कबरी खणाव्या लागल्या असत्या. खाली बस."

ब्रिहिदा पुढे आली. "काय लिहिलंयस? वाच."

"'सदस्य फर्मीन यांचे निधन झाले.'"

"निधन? ताप आला होता त्याला?"

ओतिलियानं खोडलं. "'ठार मारण्यात आले.'"

"कोणाकडून?"

इतकी वर्षं तिनं इतिवृत्तात कोणावर बोट ठेवलं नव्हतं. आता तिनं लिहिलं, 'एलेउतेरिओ याने आणि त्याच्या तीन साथीदारांनी मारले.' पुढं चराची मुदत, तोच शुक्रवार. जबाबदार म्हणून ब्रिहिदानं स्वतःचं नाव घालायला लावलं. कायद्यानं पदाधिकाऱ्यांनी सही करायची, बाकीच्यांनी वाटलं तर. त्या दिवशी ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनीही अंगठे उठवले. प्रत जमीन कचेरीत गेली. कचेरीतून कोणी आलं नाही.

शुक्रवारी अख्खं गाव कुदळी घेऊन गेलं. चर छातीइतका खोल झाला तेव्हा ट्रक आला. त्यांनी थेट गोळ्या झाडल्या. निकानोराचा कान फाटला, एका म्हाताऱ्याच्या मांडीतून गोळी गेली. आम्ही चढावरून दगड लोटले. मागं घेताना ट्रक कडेवरून कलंडला आणि तिघं पळाले. एलेउतेरिओ काचेतून सरपटत बाहेर आला, टोपी डोक्यावर तशीच.

"ताई, माफ कर," तो म्हणाला.

ब्रिहिदा कुदळ घेऊन खाली उतरली. आम्ही कोणीच तिला हाक मारली नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. त्यापुढचे मी बघितले नाहीत. ऐकले मात्र.

चार दिवसांनी एलेउतेरिओच्या मृत्यूच्या चौकशीला सरकारी वकिलाचा माणूस आला. "शुक्रवारचं इतिवृत्त दाखवा."

ओतिलियानं सुजलेला हात मांडीवर ठेवला.

"शुक्रवारी सभा बोलावलीच नव्हती, साहेब. मग इतिवृत्त कसलं?"