पाचवं आवर्तन

या, अशा जरा पुढं सरकून बसा. टाळ ठेवा बाजूला. आज अभंग नाही, एक गोष्ट सांगतो. गोष्टीत एक गाणं आहे, आणि त्या गाण्यानं आसाराम तबलजीची मती कशी गुंग केली ते आहे.

बहात्तर सालची गोष्ट. श्रीरामपूरच्या अलीकडं एका वस्तीत ख्रिस्ती मंडळींचं कीर्तन ठरलं होतं. बुवा त्यांचे, आख्यान त्यांच्या शास्त्रातलं, तबल्याला मात्र शेजारच्या मळ्यातला आसाराम. माळकरी माणूस, पण कीर्तन म्हटलं की कुणाचं का असेना, तो हजर.

आख्यान विहिरीवरच्या बाईचं होतं: एक परका तिच्याकडं पाणी मागतो, ती विचारात पडते, मग त्याची वार्ता सांगायला गावाकडं धावते. तिच्यावर गाणं रचलं होतं श्रीमंत नावाच्या मास्तरांनी. मास्तर आदल्या वर्षी गेले. गाणं आता फक्त त्यांच्या बायकोला, छबूबाईंनाच येत होतं.

भर दुपारी विहिरीवरती आली एक नार,
डोईवर घागर, मनात कसला भार,
परका म्हणे, बाई, दे गं पाणी…
धावली गावा अनवाणी.

केहरवा, आठ मात्रांचा. ओळीला चार आवर्तनं, म्हणजे ठेक्याचे चार फेरे. चौथ्यात आसाराम तिहाई घ्यायचा. तोच बोल तीनदा वाजवून पुढच्या ओळीच्या समेवर, पहिल्या मात्रेवर, दाणकन् उतरायचं, ही त्याची जुनी खोड. कीर्तनाच्या आदल्या दिवशी तालमीत पहिल्या दोन ओळी लोण्यासारख्या गेल्या. तिसऱ्या ओळीला तो तिहाई घेऊन समेवर उतरला, तर छबूबाई अजून 'पाणी'वरच! सूर धरून उभ्या. एक अख्खं आवर्तन गेलं, तेव्हा कुठं 'धावली' आलं. आसाराम गडबडला. पण कडवं संपलं तर दोघं एकाच समेवर!

"काकू, तुमी चुकल्या," तो म्हणाला.

"चुकले, तर शेवटी गाठ कशी पडली रं?"

पुन्हा वाजवलं. पुन्हा मधेच ठेच, पुन्हा शेवटी भेट. मात्रा एकही हरवत नव्हती, आणि तरी चूक होत होती. आसाराम बोटांवर मोजत बसला.

पेटीवाले काकासाहेब हसले. "बैलं हरवली का काय घोडेगावच्या बाजारात?"

"बैलं सोळाच्या सोळा हायेत," आसाराम वैतागून म्हणाला. "पर चार-चार बांधलेली, त्यातलं एक दुसऱ्याच दावणीला दिसतंय."

"तसंच हाय ते," छबूबाई म्हणाल्या. "शेवटच्या वळीतलं एक आवर्तन मास्तरांनी तिसरीला दिलं. तिसरी पाचाची, चौथी तीनाची. ठेका तोच, मात्रा त्याच. मोडली ती निस्ती चाराची जुडी. मास्तर म्हनायचे, आधी दोन वळी चार-चाराची सवय लावायची, मंग मोडायची. सवयच न्हाई, तर मोडल्याचं कुनाला कळनार?"

"पर मोडायचं कशाला?"

काकासाहेबांनी तोडगा काढला. पाचवं आवर्तन गाळायचं, ओढून-ताणून चौथी ओळही चाराची करायची. तसं गाऊन पाहिलं. आसारामचा हात खुलला. छबूबाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली.

"ह्यात विहिरीवरच्या बाईला विचार करायला सवड न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् धावायची घाईबी न्हाई. आसं गायचं आसंल तर मी न्हाई गात."

बुवा म्हणाले, उद्या कीर्तनात जमलं तर जमलं, नाहीतर या गाण्याऐवजी दुसरं घेऊ. मास्तरांच्या रचना बाकी सगळ्या विस्मरणात गेल्या होत्या. उरलं होतं ते एवढंच. ते एकदा बाजूला पडलं की पडलंच.

आसारामच्या डोक्यात रात्रभर पाच आणि तीन भांडत राहिले. मान्य करावं तर हात ऐकेना. हाताचं ऐकावं तर काकूंचा चेहरा समोर येई.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. दुष्काळाचं साल, विहिरीचं नाव निघताच बायका पुढं सरकल्या. दोन ओळी झाल्या. 'दे गं पाणी.' चौथं आवर्तन आलं. आसारामचा हात तिहाईला उठला आणि समोरच्या बायांकडं त्याची नजर गेली. माना वर, श्वास रोखलेले, बाई आता काय करणार म्हणून. हात आपोआप साध्या ठेक्यावर आला. पाचवं आवर्तनही त्यानं तसंच, हलकं, डग्गा न घुमवता जाऊ दिलं. मग 'धावली' आलं आणि त्यानं डग्ग्यावर अशी थाप दिली की मांडव हलला. तीन आवर्तनांत बाई गावात पोचलीसुद्धा! समेवर सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडल्या.

"मोजलंस का रं?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

"व्हय… न्हाई. काय की बुवा. मोजत हुतो, मंग बायांकडं बघाया लागलो."

"मंग समजलं म्हनायचं का?"

"ते बी कळंना," आसाराम म्हणाला, आणि दुसऱ्या कडव्याचा ठेका धरला.

गाणं राहिलं बाबांनो. अजून त्या वस्तीत गातात. तुम्हीही गाताना कुठल्या ओळीवर मनाजोगी सम आली नाही, पाऊल अधांतरी राहिलं, तर गाणाऱ्याला लगेच बोल लावू नका. आमच्या श्रीमंत मास्तरांची तेवढी आठवण काढा.