मूळ फोटो ऑफिसात आहे

सहलीच्या फोटोत सोनमच्या हातात पाण्याची बाटली होती. कुणीतरी तिथं दारूची बाटली चिकटवून फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी मुख्याध्यापिका, सकाळीच त्याच ग्रुपवर नोटीस पाठवली: फोटो बनावट आहे, पुढं पाठवू नका, कुणाकडून आला ते वर्गशिक्षकांना कळवा, शंका असेल तर ऑफिसात येऊन मूळ फोटोशी ताडून पाहा.

नोटिशीखाली दोनशे जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मूळ फोटो टेबलावर मांडून मी रिकाम्या खुर्च्यांसमोर दिवसभर बसले. एक माणूस फिरकला नाही!

शाळा सुटल्यावर सोनमची आई आली, शाळा सोडल्याचा दाखला मागायला.

मी चिडून फोटो पुढं सरकवला. "आधी हा बघा तरी!"

"मला कशाला दावताय, बाई? माझी पोरगी मला ठाऊक हाय की."